शौचाच्या वेळी चिरल्यासारखे दुखते, ती मूळव्याधच असते का?

शौचाच्या जागी काहीही त्रास झाला की आपल्या वस्त्यांमध्ये त्याला एकच नाव मिळते, मूळव्याध. दुखले तरी मूळव्याध, रक्त दिसले तरी मूळव्याध, हाताला कोंब लागला तरी मूळव्याध. लाजेमुळे माणूस दवाखान्यात जात नाही. लोकलच्या डब्यात चिकटवलेली जाहिरात वाचतो आणि त्या पत्त्यावर पोहोचतो. प्रत्यक्षात शौच करताना चिरल्यासारखी कळ येत असेल, तर तो आजार बहुतेक वेळा वेगळा असतो. त्याला फिशर म्हणतात, म्हणजे गुदद्वाराच्या तोंडाशी कातडीला पडलेली चीर. दोन्हींतला फरक आपण नीट समजून घेऊ.

मूळव्याध म्हणजे गुदद्वाराच्या आतल्या रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या फुगणे आणि खाली सरकणे. या गाद्या जिथे असतात तिथल्या आतल्या अस्तराला कापल्याची वेदना जाणवत नाही. म्हणून आतल्या मूळव्याधीत रक्त टपटप पडते, पण बहुधा दुखत नाही. फिशरची चीर मात्र अगदी तोंडाशी, बाहेरच्या नाजूक कातडीत असते. बोटाच्या टोकाइतकीच ही कातडी हळवी असते. शौच होताना काचेने कापल्यासारखे वाटते आणि नंतर अर्धा तास, कधी दोन-तीन तास आग आणि ठणका राहतो. रक्त थोडेच असते, बहुधा मळावर एक लाल रेघ दिसते.

दुखणे कधी सुरू होते आणि किती वेळ टिकते, एवढे पाहिले तरी बरेच कळते. एक अपवाद लक्षात ठेवा. बाहेरच्या मूळव्याधीत रक्त गोठले तर अचानक निळसर, टणक गाठ येते आणि ती बसता-उठता सतत दुखते. ते दुखणे शौचाच्या वेळेपुरते नसते.

आता चीर भरत का नाही ते पाहू. हाताला कापले तर आठवड्यात भरते. गुदद्वाराभोवती मात्र एक गोल स्नायू असतो आणि तो आपल्या इच्छेशिवाय आवळलेला राहतो. चिरेच्या वेदनेने तो आणखी घट्ट आवळतो. त्यामुळे चिरेकडे जाणारे रक्त कमी होते, आणि रक्त पोहोचले नाही तर जखम भरत नाही. चीर बहुधा मागच्या बाजूला, मधोमध पडते. तिथे रक्तपुरवठा मुळातच कमी असतो. त्यातच दुखेल या भीतीने माणूस शौच रोखतो. मोठ्या आतड्यात थांबलेल्या मळातले पाणी शोषले जाते, त्याचा खडा होतो आणि दुसऱ्या दिवशी तीच चीर पुन्हा फाटते.

उदाहरण घेऊ. समजा, डोंबिवलीच्या एका वस्तीत राहणारी तीस वर्षांची ताई चार घरची धुणीभांडी करते. सकाळी सार्वजनिक शौचालयाला रांग असते, म्हणून शौचाची भावना आली तरी ती कामाला निघून जाते. बाहेर जाण्याची सोय नाही, म्हणून पाणी कमी पिते. खाणे चहा-पाव, बिस्किट. अंगात रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनीही मळ घट्ट होतो. एक दिवस चीर पडते. दोन महिन्यांनी बाहेर कातडीचा छोटा कोंब हाताला लागतो. शेजारीण म्हणते, हा मूळव्याधीचा कोंब. पण जुन्या चिरेच्या बाहेरच्या टोकाला अशी कातडी वाढतेच. हा कोंब काढला किंवा जाळला तरी आतली चीर तशीच राहते. अशा ठिकाणी कोणी भोंदू इंजेक्शन टोचले, तर जखम सडून मोठे संकट ओढवते.

ताईचा खरा इलाज दोन कामांचा आहे. मळ मऊ ठेवायचा आणि आवळलेला स्नायू सैल करायचा. मळासाठी रात्री एक ते दोन चमचे इसबगोल पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यावे आणि वर आणखी एक पेला पाणी घ्यावे. पाणी कमी पडले तर इसबगोलानेच आतडे तुंबते. ज्वारी-नाचणीची भाकरी, मटकी-मुगाची उसळ, पालेभाजी, पेरू हे रोजच्या जेवणात असावे. लोहाच्या गोळ्या मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांना विचारून बदलाव्यात. जुलाबाची कडक चूर्णे घेऊ नयेत, पातळ जुलाबानेही चीर चिडते.

स्नायूसाठी कोमट पाण्याचा शेक. मोरीत घमेल्यात किंवा टबात सोसवेल इतके कोमट पाणी घेऊन दहा ते पंधरा मिनिटे बसावे, शौचानंतर एकदा आणि दिवसातून आणखी एक-दोनदा. पाण्यात डेटॉल, तुरटी काही घालू नये. नंतर जागा टिपून कोरडी करावी.

एवढ्याने बहुतेक ताज्या चिरा काही आठवड्यांत भरतात. सहा आठवडे उलटूनही दुखत असेल तर चीर जुनी झाली. तेव्हा डॉक्टर स्नायू सैल करणारे मलम देतात, उदाहरणार्थ डिल्टियाझेम. ते वाटाण्याएवढे, तोंडाशी आणि जरासे आत, दिवसातून दोनदा, सहा ते आठ आठवडे लावावे लागते. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईने डॉक्टरांना तसे आधी सांगावे. मूळव्याधीची मलमे हा स्नायू सैल करीत नाहीत. सगळ्यात जास्त चुकते ते इथेच. दहा दिवसांत दुखणे कमी होते, माणूस मलम आणि इसबगोल दोन्ही सोडतो. वरची कातडी तेव्हा नुकती जुळलेली असते, एका कडक मळाने ती पुन्हा उघडते. म्हणून दुखणे थांबल्यावरही इसबगोल आणि भाकरी-भाजी काही महिने चालू ठेवावी. मलमानेही भरले नाही तर आतल्या स्नायूला छोटा छेद देण्याची शस्त्रक्रिया असते. तिने बहुतेकांची चीर भरते. मात्र काहींना नंतर वारा रोखणे अवघड जाते. बाळंतपणे झालेल्या बायकांनी हे शल्यचिकित्सकांशी आधी बोलून घ्यावे.

काही वेळा घरी वाट पाहू नये. ताप आणि पू, काळा मळ, मळात मिसळलेले रक्त, वजन घटणे, चाळिशीनंतर पहिल्यांदा रक्त पडणे, किंवा चीर मधोमध नसून बाजूला असणे, ही लक्षणे वेगळी आहेत. त्यामागे क्षयरोग, आतड्याची सूज किंवा कर्करोगही असू शकतो. डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई रुग्णालय, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय ही महापालिकांची रुग्णालये आहेत. तिथे केसपेपर काढून सर्जरीच्या ओपीडीबद्दल विचारावे. डॉक्टर बहुधा जागा हलकेच फाकवून नुसत्या नजरेने चीर ओळखतात. फार दुखत असेल तर बोट घालून तपासणी पुढे ढकला असे आपण सांगू शकतो. बाईला स्त्री डॉक्टर किंवा सोबत नर्स हवी असेल तर तेही मागावे. आत गेल्यावर 'मूळव्याध आहे' असे सांगू नका. कधी दुखते, किती वेळ दुखते आणि रक्त कसे दिसते, या तीन गोष्टी सांगा.