फोटो गेल्यावर समीकरण पुन्हा लिहिताना

दहावीच्या मुलांची रसायनशास्त्राची शिकवणी घेताना एक प्रसंग पुन्हा पुन्हा येतो. मुलगी संध्याकाळी वर्कशीटचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवते. रात्री मी बघायला जाते तर फोटो उघडत नाही, तिच्या फोनमधूनही तो पुसला गेलेला असतो आणि वर्कशीट शाळेत जमा झालेली असते. मग ती आठवेल तसं टाइप करून पाठवते. तेवढ्यावरून समीकरण संतुलित करायला बसलं की कळतं, गेलेले सगळे तपशील सारखे नसतात. काही तपशील रसायनशास्त्र आपणहून परत मिळवून देतं, काही मात्र गेले की गेले. हा फरक ओळखायला मी ज्यावरून शिकले, त्यातलं सगळ्यांत बोलकं उदाहरण तांबं आणि नायट्रिक आम्ल यांचं आहे. मेसेज असा होता:

```
cu+hno3=cuno32+no+h2o
```

१. छापलेलं कोणतं आणि स्वतः भरलेलं कोणतं, हे आधी विचारावं

वर्कशीटवर प्रत्येक रेणुसूत्राच्या आधी रिकामी जागा असते. तिथे जो अंक येतो तो सहगुणक, आणि तेवढाच आपल्याला शोधायचा असतो. सूत्राच्या आत खाली लहान अक्षरात छापलेला पादांक त्या पदार्थाची ओळख असते, त्याला हात लावायचा नसतो. कागदावर हे दोन अंक आकारानेच वेगळे दिसतात. फोनवर टाइप केले की दोन्ही एकाच मापाचे होतात. शिवाय मुलांनी पेन्सिलीने काही अंक आधीच भरलेले असतात आणि आठवणीत छापील प्रश्नाशी त्यांची सरमिसळ होते.

म्हणून मी आधी विचारते, "अगं, यातलं छापलेलं काय होतं?" वर्कशीटवर एखादा सहगुणक आधीच दिलेला असेल तर तो फार मोलाचा दुवा असतो. या प्रश्नात तांब्याच्या आधी ३ छापलेला होता असं तिला खात्रीने आठवलं असतं, तर पुढची निम्मी शोधाशोध वाचली असती. का, ते चौथ्या आणि पाचव्या मुद्द्यांत येईल.

२. कंस आणि मोठी-लहान अक्षरं बहुधा परत मिळतात

`cuno32` हे वाचायला विचित्र दिसतं, पण त्यावर अडायचं कारण नाही. कॉपर आयनावर इथे दोन धन प्रभार असतात आणि नायट्रेटवर एक ऋण. म्हणजे एका कॉपरला दोन नायट्रेट हवेत आणि सूत्र Cu(NO3)2 असंच असलं पाहिजे. शेवटचा २ कंसाबाहेरचा आहे. तो ३ च्या शेजारी येऊन बसला, एवढंच. संयुजा माहीत असेल तर कंस पुन्हा घालता येतो.

अक्षरांचंही तसंच. `no` म्हणजे NO, नायट्रिक ऑक्साइड. No असं लिहिलं तर ते नोबेलियम हे मूलद्रव्य होईल, पण डाव्या बाजूला नोबेलियम नाही, म्हणून ती शक्यता आपोआप गळते. लोहाच्या धातुकाचा प्रश्न असेल तेव्हा `co` जरा जास्त त्रास देतो, कारण CO म्हणजे कार्बन मोनॉक्साइड आणि Co म्हणजे कोबाल्ट. उजवीकडे `co2` दिसत असेल तर त्यातला कार्बन डावीकडून आला असला पाहिजे, म्हणून ते CO ठरतं. दुसऱ्या बाजूची मूलद्रव्यं पाहून अक्षरांचा निकाल लावता येतो. तरीही मुलांना मी सांगते की मोठं अक्षर मोठंच टाइप करा. दुसरी बाजूही अर्धवट आठवत असेल तर हा आधार उरत नाही.

३. एखादं मूलद्रव्य एकाच बाजूला दिसलं तर काहीतरी राहून गेलंय

हाच प्रश्न दुसऱ्या एका मुलाने पाठवला तेव्हा शेवटचं `h2o` लिहायचं राहिलं होतं. सहगुणक लावायला घेण्याआधी मी दोन्ही बाजूंच्या मूलद्रव्यांची यादी करते. डावीकडे Cu, H, N, O आणि उजवीकडे Cu, N, O. हायड्रोजन गेला कुठे? कोणताही सहगुणक घातला तरी नसलेला हायड्रोजन उजवीकडे उगवणार नाही. म्हणजे एक उत्पादित गळलं आहे. आम्लातला हायड्रोजन आणि नायट्रेटमधून सुटलेला ऑक्सिजन एकत्र येऊन इथे पाणीच होतं. ही यादी करायला अर्धं मिनिट लागतं आणि अपुरा प्रश्न सोडवत बसण्याचा वेळ वाचतो.

४. संतुलनाची गणती कागदावर पूर्ण मांडावी

आता मेसेजमधला प्रश्न नीट लिहू:

```
Cu + HNO3 → Cu(NO3)2 + NO + H2O
```

अंदाजाने अंक घालत गेलं तर हे समीकरण फार दमवतं, कारण नायट्रोजन उजवीकडे दोन ठिकाणी आहे. इथे ऑक्सिडीकरण अंकांनी जावं. तांबं ० वरून +२ वर जातं, म्हणजे प्रत्येक अणू दोन इलेक्ट्रॉन गमावतो. NO मध्ये जाणारा नायट्रोजन +५ वरून +२ वर येतो, म्हणजे प्रत्येक अणू तीन इलेक्ट्रॉन घेतो. देणं-घेणं सारखं व्हायला ३ तांबं आणि २ NO हवेत, दोन्हीकडे सहा इलेक्ट्रॉन.

तीन तांब्यांसाठी तीन कॉपर नायट्रेट आणि त्यांत सहा नायट्रेट. यांतल्या नायट्रोजनचं क्षपण झालेलं नाही, तो जसाच्या तसा राहिला. म्हणून आम्लाचे रेणू २ अधिक ६, एकूण ८. आठ हायड्रोजनचे चार पाण्याचे रेणू.

```
3 Cu + 8 HNO3 → 3 Cu(NO3)2 + 2 NO + 4 H2O
```

ऑक्सिजन मुद्दाम शेवटी मोजायचा, कारण तो आपण कुठेच वापरला नाही, त्यामुळे पडताळ्याला तोच कामाचा. डावीकडे २४. उजवीकडे १८, २ आणि ४, म्हणजे २४. जमलं.

५. 'विरल' की 'संहत' हा शब्द गेला तर गणित तो परत देत नाही

इथे खरी अडचण सुरू होते. वरचं समीकरण विरल नायट्रिक आम्लाचं आहे. आम्ल संहत असेल तर पाठ्यपुस्तकातल्या समीकरणात NO ऐवजी नायट्रोजन डायऑक्साइड, NO2, येतो. तेव्हा नायट्रोजन +५ वरून +४ वर येतो, एकच इलेक्ट्रॉन घेतो आणि सगळे अंक बदलतात:

```
Cu + 4 HNO3 → Cu(NO3)2 + 2 NO2 + 2 H2O
```

ऑक्सिजन मोजा: डावीकडे १२, उजवीकडे ६, ४ आणि २. हेही अचूक संतुलित आहे. दोन्ही समीकरणं बरोबर आहेत आणि दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. टाइप करताना `no2` मधला शेवटचा २ निसटला तर अणूंची गणती कुठेही तक्रार करत नाही. म्हणून समीकरण संतुलित झालं यावरून प्रश्न बरोबर उतरवला होता असं धरून चालू नये.

काही मुलं खात्री नसल्याने दोन्ही वायू लिहून पाठवतात. तेव्हा अडचण लगेच उघडी पडते, कारण एकच उत्तर निघत नाही:

```
2 Cu + 6 HNO3 → 2 Cu(NO3)2 + NO + NO2 + 3 H2O
7 Cu + 20 HNO3 → 7 Cu(NO3)2 + 4 NO + 2 NO2 + 10 H2O
```

दोन्ही मोजून पाहा, दोन्ही जमतात, आणि एक दुसऱ्याची पट नाही. प्रत्यक्ष परीक्षानळीत दोन्ही वायू मिसळून निघूही शकतात. पण वर्कशीटला एकच ठरलेलं उत्तर हवं असतं, म्हणून ज्याची अशी अनेक उत्तरं निघतात तो प्रश्न बहुधा चुकीचा उतरवलेला असतो.

अशा वेळी मी मुलीला सूत्र पुन्हा आठवायला लावत नाही, प्रश्नाची शब्दांतली ओळ आठवायला सांगते. "तांबूस वायू बाहेर पडतो" असं छापलं होतं का? मग NO2. "रंगहीन वायू" होता का? मग NO. तांब्याच्या आधी ३ छापलेला होता का? मग विरल आम्ल. प्रयोगशाळेत पाहिलेल्या रंगावर मात्र विसंबू नये. रंगहीन NO हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून NO2 होतो, त्यामुळे विरल आम्लातही नळीच्या तोंडाशी तांबूस धूर दिसतो.

६. आयनावरचा प्रभार टाइप केलाच पाहिजे

त्याच वर्कशीटवर तांबं आणि चांदीच्या आयनांचा प्रश्न होता. मेसेजमध्ये तो `cu+ag=cu+ag` असा आला. अणू दोन्हीकडे सारखे, म्हणजे करायला काहीच उरलं नाही असं वाटतं. छापील प्रश्नात Ag वर एक आणि उजवीकडच्या Cu वर दोन धन प्रभार होते. अणूंबरोबर प्रभारही दोन्ही बाजूंना सारखा लागतो, म्हणून चांदी दोन हवी:

```
Cu + 2 Ag^+ → Cu^2+ + 2 Ag
```

सूत्राच्या वर छापलेला हा बारीक अंक आणि चिन्ह टाइप करताना सर्वांत आधी गळतं. फोनवर वर लिहिता येत नसेल तर `^` हे चिन्ह वापरावं. अधिकाचं चिन्ह दोन पदार्थांच्या मध्येही येतं आणि प्रभारासाठीही येतं. म्हणून पदार्थांमधल्या अधिकाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडावी आणि प्रभाराचं अधिक सूत्राला चिकटवावं.

७. पुन्हा टाइप करताना काय पाठवायचं

आता मी मुलांना एकच नमुना देते. सूत्रं मोठ्या-लहान अक्षरांसह आणि कंसांसह, छापलेले सहगुणक जागा सोडून, रिकाम्या जागी अधोरेघ. त्याखाली प्रश्नातले शब्द: आम्ल विरल की संहत, उष्णता दिली का, वायूचा रंग, आणि नुसतं संतुलन हवं की (s), (l), (g), (aq) या अवस्थाही लिहायच्या आहेत. अवस्थांचा सहगुणकांवर परिणाम होत नाही, पण मागितल्या असतील तर त्यांवाचून उत्तर अपुरं राहतं.

```
_ Cu(s) + _ HNO3(aq) → _ Cu(NO3)2(aq) + _ NO(g) + _ H2O(l)
```

जे आठवत नाही तिथे अंदाजाने भरू नये, प्रश्नचिन्ह टाकावं. `NO?` असं लिहून आलं की मला कळतं की वायूबद्दल शंका आहे, मग मी विरल आणि संहत दोन्ही समीकरणं सोडवून पाठवते आणि कोणतं कधी लागू पडतं ते शेजारी लिहिते. दुसऱ्या दिवशी वर्कशीट हातात आली की मुलांनी छापलेला शब्द पाहायचा आणि त्याप्रमाणे एक उत्तर ठेवायचं.