२४ तासांचा पेट्रोल पंप: शिफ्टला दोन माणसं, मग स्टाफ किती? आणि हिशोबाला वेळ कुठून काढायचा?

पंपाच्या व्हिडिओत रोस्टर पटकन दाखवलं होतं. इथे तेच गणित कागदावर नीट करूया. उदाहरण म्हणून तुर्भ्याच्या बाजूचा एक छोटा पंप धरा. एपीएमसी मार्केट जवळ, त्यामुळे भाजीपाल्याचे टेम्पो आणि ट्रक रात्रभर येणार. म्हणजे रात्रीही पंप बंद ठेवून चालणार नाही. प्रत्येक शिफ्टला दोन अटेंडंट, एक पेट्रोलच्या नोझलवर आणि एक डिझेलच्या.

सहा माणसं का पुरत नाहीत?

बहुतेक जण म्हणतात, तीन शिफ्ट गुणिले दोन, म्हणजे सहा माणसं. पण आठवड्यात सात दिवस आहेत. ३ × २ × ७ म्हणजे आठवड्याला ४२ ड्युट्या. सहा जणांत वाटल्या तर प्रत्येकाला सात, म्हणजे कुणालाच सुट्टी नाही. सात माणसं घेतली तर प्रत्येकी सहा ड्युट्या आणि एक सुट्टी. कागदावर छान बसतं.

पण यात हिशोबाचा वेळ धरलेलाच नाही. शिफ्ट २ वाजता संपली तर रोकड मोजायची कधी? एक तर अटेंडंट दीडलाच मोजायला बसतो आणि नोझलवर रांग लागते. नाहीतर शिफ्ट संपल्यावर घाईघाईने, घड्याळाकडे बघत मोजतो. दोन्हीत चूक होणारच.

म्हणून ड्युटी आठ तासांची नाही, साडेआठ तासांची धरा:

- सकाळ: ६.०० ते २.३०
- दुपार: २.०० ते १०.३०
- रात्र: १०.०० ते ६.३०

नवीन जोडी आली की जुनी जोडी अर्धा तास मागे राहते. त्या अर्ध्या तासात गाड्या नवीन जोडी सांभाळते आणि जुनी जोडी आत बसून फक्त हिशोब करते.

आता परत गणित. ४२ ड्युट्या × साडेआठ तास = ३५७ तास. कायद्यातलं आठवड्याचं माप ४८ तासांचं आहे. तुमचा स्टाफ कमी असला तरी रोस्टर याच मापाने बसवा. ३५७ भागिले ४८ म्हणजे साधारण ७.४. म्हणजे आठ माणसं लागतात.

आठ जणांना पाच-पाच ड्युट्या दिल्या की ४० झाल्या. उरलेल्या दोन ड्युट्या दर आठवड्याला वेगवेगळ्या दोघांना द्या. त्या आठवड्यात त्यांचे ५१ तास होतील, म्हणजे तीन तास ओव्हरटाइम. तो आधीच खर्चात धरा. आठांपैकी एक गावी गेला तर उरलेल्या सातांना सहा-सहा ड्युट्या येतात आणि पंप तरीही चालतो. सातच माणसं ठेवली असती तर कुणाची तरी सुट्टी गेली असती, नाहीतर कुणाला तरी डबल ड्युटी लागली असती. सोळा तास जागलेल्या माणसाच्या हिशोबावर भरवसा ठेवता येत नाही.

जेवणाच्या सुट्टीबद्दल एक गोष्ट. दोनच माणसं असताना एक जेवायला बसला आणि गाडी आली की तो उठतो. ती सुट्टी खरी नसते, म्हणून मी ती कामाच्या तासांतच धरली आहे.

शिफ्ट सहालाच का बदलायची?

१६ जून २०१७ पासून देशभर पेट्रोल-डिझेलचे दर रोज सकाळी ६ वाजता ठरतात. दर बदलो न बदलो, रीडिंग सहालाच घ्या. सव्वासहाला घेतलं आणि त्या दिवशी दर बदलला असेल, तर रात्रीच्या हिशोबात दोन दरांचं तेल मिसळतं आणि फरकाचा मेळ लागत नाही. रीडिंग घेताना जाणारा आणि येणारा, दोघांनी मिळून प्रत्येक नोझलचा आकडा वाचायचा आणि एकाच वहीत दोघांच्या सह्या घ्यायच्या. दोन-तीन मिनिटं गाड्या थांबल्या तरी चालेल.

एका सकाळच्या शिफ्टचा हिशोब

दर गणिताच्या सोयीसाठी धरले आहेत: पेट्रोल १०४ रुपये, डिझेल ९० रुपये.

पेट्रोलचं रीडिंग सुरुवातीला ३,४१,२५०, शेवटी ३,४१,७६०. फरक ५१० लिटर. सकाळी मापाने टेस्टिंग करून ५ लिटर परत टाकीत ओतलं, ते वजा. विक्री ५०५ लिटर, म्हणजे ५२,५२० रुपये.

डिझेल ८,२०,४०० ते ८,२१,३००. फरक ९००, टेस्टिंगचे ५ वजा, विक्री ८९५ लिटर, म्हणजे ८०,५५० रुपये.

एकूण यायला हवेत १,३३,०७० रुपये. यातून वजा करा:

- यूपीआय आणि कार्ड: ६१,४००
- उधारीच्या चिठ्ठ्या (सहीसकट): १८,०००
- शिफ्टमध्ये तिजोरीत टाकलेली रोकड, १०,००० चे चार हप्ते: ४०,०००

दोघांच्या बॅगांत मिळून १३,६७० असायला हवेत. सुट्ट्यांसाठी दिलेले पैसे बाजूला काढून मोजले तर १३,१७० निघाले. ५०० शॉर्ट.

हप्त्यांचा फायदा बघा. दर वेळी १०,००० जमले की पावती घेऊन तिजोरीत टाकले, म्हणून शेवटी चौदा हजारांच्या आत मोजायचे राहिले. नाहीतर ५४ हजार रुपये, त्यात दहा-वीसच्या नोटा, अर्ध्या तासात मोजून जुळवणं कठीण आहे.

फरकाचा आकडा काय सांगतो?

शॉर्ट आला की लगेच माणसावर संशय घेऊ नका. आधी आकडा बघा.

९७० शॉर्ट असता तर? ५ × १०४ अधिक ५ × ९० म्हणजे बरोबर ९७०. म्हणजे टेस्टिंग वजा करायचं राहिलं, पैसे गेलेलेच नाहीत.

बरोबर ५०० किंवा १०० असेल तर सुट्टे देताना नोट जास्त गेली, किंवा ग्राहकाने पेमेंटचा स्क्रीनशॉट दाखवला आणि पैसे आलेच नाहीत. म्हणून नियम ठेवा, साउंडबॉक्स बोलल्याशिवाय गाडी सोडायची नाही.

रात्रीच्या शिफ्टला मोठा फरक येत असेल तर यूपीआयची बेरीज तपासा. ॲपचा दिवस रात्री १२ ला बदलतो आणि तुमची शिफ्ट १० ते ६ आहे. 'आजची' बेरीज घेतली तर १० ते १२ चे पैसे सुटतात. वेळ निवडूनच बेरीज घ्या.

दुपारची शिफ्ट जेवढी शॉर्ट, तेवढीच सकाळची जास्त, असं दिसलं तर रीडिंग लिहिण्यात चूक आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: दोघांना एक बॅग कधीच देऊ नका. प्रत्येकाचा नोझल वेगळा, बॅग वेगळी, हिशोबाचा कागद वेगळा. एकच बॅग असेल तर ५०० कुणाकडून गेले ते कधीच कळणार नाही आणि प्रामाणिक मुलगाही नोकरी सोडून जाईल. पगारातून पैसे कापायचे ठरवलं तरी चूक त्याचीच आहे हे दिसावं लागतं आणि कापण्याआधी त्याला त्याचं म्हणणं मांडू द्यावं लागतं. वेगळा कागद नसेल तर तुम्ही दाखवणार काय?

एक मर्यादा लक्षात ठेवा. हा हिशोब फक्त पैशांचा आहे. टाकीतलं तेल कमी होतंय का, हे डिप घेऊन साठा जुळवल्यावरच कळतं. ते काम दिवसातून एकदा मॅनेजरने करायचं, अटेंडंटच्या अर्ध्या तासात घुसवायचं नाही.

आता तुमचं काम. एका कागदावर तुमच्या आठवड्याच्या ड्युट्या मोजा, साडेआठने गुणा, ४८ ने भागा. उत्तर पूर्णांकात नसेल तर वरचा आकडा घ्या. पंपाचा खर्च मांडताना पगार तेवढ्या माणसांचा धरा, सहांचा नाही.