बोनसची वसुली तपासताना

मी पुण्यातल्या एका कंपनीत 1 मे 2023 ला रुजू झालो. पहिल्या पगारासोबत दोन लाखांचा जॉइनिंग बोनस मिळाला. कर कापून हातात आले एक लाख सदतीस हजार सहाशे. 1 नोव्हेंबरला राजीनामा दिला, तीन महिन्यांची नोटीस पूर्ण केली आणि 31 जानेवारीला शेवटचा दिवस भरला. फुल अँड फायनलच्या हिशोबात ‘बोनस वसुली 1,00,000’ अशी ओळ होती.

ऑफर लेटरमधली अट अशी होती: बारा महिन्यांच्या आत नोकरी सोडल्यास उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात बोनस परत. कंपनीने महिने मोजले होते राजीनाम्याच्या तारखेपर्यंत, म्हणजे सहा. पण नोटीस काळात मी रोज कामावर होतो, पगार घेत होतो. नोकरी सुटते ती शेवटच्या दिवशी. तसे धरले तर नऊ महिने भरतात, उरतात तीन, आणि वसुली होते पन्नास हजार. मी ईमेलमध्ये अटीचे वाक्य जसेच्या तसे उतरवून हा हिशोब खाली मांडला आणि विचारले, तुम्ही राजीनाम्याची तारीख कोणत्या कलमाच्या आधारे धरलीत? तसे कलम नव्हते. आकडा बदलला.

दुसरा मुद्दा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. वसुली ‘कपाती’च्या रकान्यात होती, म्हणजे कर आधी पूर्ण पगारावर लावून मग पैसे वजा केले होते. परत केलेल्या पन्नास हजारांवरही मी 31.2 टक्क्यांनी कर भरत होतो; ते झाले 15,600 रुपये. बोनस आणि वसुली एकाच आर्थिक वर्षात असल्यामुळे ती रक्कम करपात्र पगारातूनच वजा करून टीडीएस नव्याने काढा, असे मी लिहिले. पेरोलने तसे केले. वर्ष उलटले असते, तर हे इतके सरळ झाले नसते. म्हणून सोडण्याची तारीख मार्चच्या आसपास असेल, तर वसुली कोणत्या वर्षात दाखवली जाणार हे राजीनाम्याआधीच विचारून घ्या.

अटीत ‘प्रमाणात’ हा शब्द नसून ‘संपूर्ण रक्कम’ असे लिहिलेले असेल, तर महिन्यांचा युक्तिवाद फारसा चालत नाही. मग विनंती करणे आणि हप्ते मागणे एवढेच सोपे मार्ग उरतात. मात्र पाच वर्षे झालेल्यांनी ग्रॅच्युइटी वेगळी पाहावी. कायद्यात ती रोखण्याची कारणे ठरलेली आहेत आणि बोनसची थकबाकी त्यात नाही.

ऑफर लेटर, बोनसच्या महिन्याची पगारपावती आणि राजीनामा स्वीकारल्याचा ईमेल कंपनीचे लॉगिन बंद होण्याआधी स्वतःकडे घ्या. सुधारित हिशोब येईपर्यंत ‘काही देणे-घेणे उरले नाही’ या कागदावर सही करू नका. जूनमध्ये फॉर्म 16 आला की त्यातल्या पगारातून वसुली वजा झाली आहे का, तेही पाहा.