‘डी’ला हात लावत नाही, ताई

लॅपटॉप रडायला लागला की दुकानातला मुलगा दोनच वाक्यं बोलतो. ‘फॉरमॅट मारून टाकू’ हे पहिलं आणि ‘‘सी’मधलं हवं ते ‘डी’त टाकून ठेवा, ‘डी’ला हात लावत नाही’ हे दुसरं. साताऱ्यात डीटीपीची कामं करणाऱ्या एका बाईंनी तसंच केलं. लग्नपत्रिका, अहवाल, दिवाळी अंकाची पानं अशी काही वर्षांची कामं त्यांनी रात्री बसून ‘डी’त हलवली आणि सकाळी लॅपटॉप दुकानात दिला.

लॅपटॉप खरोखरच मंदावला होता. पण फॉरमॅट मारण्याआधी कारण बघायला हवं. टास्क मॅनेजर उघडून डिस्कचा आकडा पाहावा. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल आणि काहीही न करता आकडा शंभर टक्क्यांना चिकटून बसत असेल, तर विंडोज नव्याने टाकून फारसा फरक पडत नाही. तिथे एसएसडी बसवणं हाच इलाज. बाईंच्या लॅपटॉपला एसएसडी होतीच. ‘सी’ गच्च भरलं होतं, दोन अँटिव्हायरस एकमेकांच्या उरावर बसले होते आणि कुणीतरी घातलेला ‘स्पीड वाढवणारा’ प्रोग्राम निघता निघत नव्हता. अशा वेळी कोरं विंडोज टाकण्याचा निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही.

संध्याकाळी लॅपटॉप परत आला तो चांगला चपळ होऊन. ‘डी’वर मात्र कुलपाचं चित्र होतं. त्यावर क्लिक केलं की ४८ आकडी रिकव्हरी की मागायचा.

‘आम्ही कधी पासवर्ड लावलाच नाही,’ बाई सांगत होत्या, आणि ते खरंच होतं. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपवर विंडोज होममध्येही डिव्हाइस एन्क्रिप्शन असतं. मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिल्यांदा साइन इन केलं की ते आपोआप सुरू होतं, ‘सी’बरोबर आतलं दुसरं पार्टिशनही कुलूपबंद करतं आणि किल्ली त्या खात्यात ठेवून देतं. रोजच्या वापरात कुणाला पत्ता लागत नाही, कारण ‘डी’ उघडण्याची सोय जुन्या विंडोजमध्येच असते. ते पुसलं की सोयही जाते. ‘डी’ला हात लावला नव्हता हे खरंच, पण ते उघडणारा हात पुसला गेला होता.

आता किल्ली कुणाच्या खात्यात? लॅपटॉप घेतला तेव्हा विक्रेत्याकडच्या पोराने घाईत स्वतःचाच ईमेल टाकून तो सुरू करून दिला होता. बाई पिन टाकून काम करत राहिल्या. सुदैवाने तो पोरगा अजून तिथेच होता आणि त्याला पासवर्ड आठवत होता. aka.ms/myrecoverykey या पत्त्यावर त्याने लॉगिन केलं, तर लॅपटॉपच्या नावापुढे दोन किल्ल्या. एकीपुढे OSV, म्हणजे विंडोजचं पार्टिशन. दुसरीपुढे FDV, म्हणजे ‘डी’. कुलपाच्या खिडकीत दिसणाऱ्या Key ID ची सुरुवातीची अक्षरं जुळवून दुसरी किल्ली घातली आणि ‘डी’ उघडलं. तो पोरगा नोकरी सोडून गेला असता, तर कुठल्याही डेटा रिकव्हरीवाल्याला ते उघडता आलं नसतं.

म्हणून विंडोजला हात घालण्याआधीचं पहिलं काम हे. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून या दोन ओळी द्याव्यात:

```
manage-bde -status
manage-bde -protectors -get D:
```

पहिलीने कुठलं ड्राइव्ह एन्क्रिप्ट झालंय ते कळतं, दुसरीने ‘डी’ची ४८ आकडी किल्ली पडद्यावर येते. ती कागदावर उतरवावी. त्याच लॅपटॉपवर सेव्ह करून उपयोग नाही. आणि खरा बॅकअप बाहेरच्या डिस्कवरच घ्यावा. ‘सी’ आणि ‘डी’ बहुतेक वेळा एकाच डिस्कचे दोन तुकडे असतात, शिवाय विंडोज टाकताना पडद्यावर ही अक्षरं दिसतच नाहीत. तिथे Partition 3, Partition 4 आणि पुढे जीबीचे आकडे एवढंच असतं. चुकीच्या ओळीवर डिलीट दाबायला एक क्षण पुरतो. कॉपी झाल्यावर ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून चार-दोन फायली उघडून बघाव्यात, मग काढून कपाटात ठेवावी. विंडोज टाकताना ती लॅपटॉपला जोडलेलीच नको.

बाईंचं दुखणं एवढ्यावर संपलं नाही. ‘डी’तली पेजमेकरची फाइल उघडली, तर काही पत्रिकांवर वधू-वरांच्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. युनिकोडपूर्वीच्या मराठी फॉण्टमध्ये देवनागरीचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असतात. फॉण्ट गेला की मजकूर शाबूत असूनही वाचता येत नाही. दुकानातल्या मुलाने C:\Windows\Fonts हा फोल्डर आठवणीने उचलला होता. त्याला दोष देता येणार नाही. पण विंडोज १०च्या २०१८ अखेरच्या आवृत्तीपासून साधं ‘इन्स्टॉल’ दाबून टाकलेला फॉण्ट त्या एका वापरकर्त्यापुरता, वेगळ्याच जागी जातो:

```
%LOCALAPPDATA%\Microsoft\Windows\Fonts
```

हा पत्ता ॲपडेटा या लपवलेल्या फोल्डरात येतो, त्यामुळे डॉक्युमेंट्स आणि डेस्कटॉप उचलणाऱ्याच्या तो नजरेस पडत नाही. हाच पत्ता एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत टाकला की फोल्डर उघडतो. बाईंनी एका छापखान्यातून त्याच नावाचा फॉण्ट आणला. आवृत्ती निराळी निघाली आणि ‘श्री’ भलतीकडेच गेला. शेवटी जुन्या सीडीवर मूळ फॉण्ट सापडला. टॅली वापरणाऱ्यांचंही थोडंफार असंच होतं, कारण तिचा डेटा डॉक्युमेंट्समध्ये नसतो. तो कुठे आहे हे कंपनी निवडण्याच्या पडद्यावरच्या डेटा पाथमध्ये दिसतं.

ब्राउझरचा घोळ वेगळा. क्रोमचा अख्खा फोल्डर उचलून नव्या विंडोजवर ठेवला, तर बुकमार्क परत येतात, पासवर्ड येत नाहीत. ते जुन्या विंडोजच्या वापरकर्त्याशी बांधलेल्या किल्लीने बंद केलेले असतात. गूगल खात्यात सिंक चालू नसेल, तर आधीच पासवर्ड मॅनेजरमधून एक्स्पोर्ट करून घ्यावेत. जी सीएसव्ही फाइल मिळते, तिच्यात सगळे पासवर्ड उघड्यावर लिहिलेले असतात, तेव्हा काम झालं की ती पुसायची. दुकानात दिलेल्या पेनड्राइव्हवर तर ती ठेवूच नये.

घरीच विंडोज टाकायचं असेल, तर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर ते उतरवता येतं. अडखळायच्या जागा दोन. काही इंटेल लॅपटॉपवर पार्टिशनच्या यादीत डिस्कच दिसत नाही. डिस्क मेली असं वाटतं, पण बऱ्याचदा फक्त इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर नसतो. तो लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून आधीच उतरवून, सुटा करून पेनड्राइव्हवर ठेवावा आणि ‘लोड ड्रायव्हर’ दाबून दाखवावा. दुसरी जागा वाय-फायची. विंडोज ११ होम सुरुवातीलाच इंटरनेट मागतं आणि वाय-फायचा ड्रायव्हर तर अजून आलेलाच नसतो. जुनं विंडोज चालू असतानाच बाहेरच्या डिस्कवर (इथे ‘ई’) drivers नावाचा रिकामा फोल्डर करून ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पुढची कमांड दिली, तर बाहेरून बसवलेले सगळे ड्रायव्हर त्यात जमा होतात:

```
pnputil /export-driver * E:\drivers
```

तेवढ्यापुरतं यूएसबी केबलने मोबाइलचं इंटरनेट दिलं तरी बहुतेकदा भागतं.

मायक्रोसॉफ्टचं खातं विचारलं जाईल, तेव्हा स्वतःचंच द्यावं. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून कोऱ्या इन्स्टॉलेशननंतर हे एन्क्रिप्शन पूर्वीपेक्षा जास्त लॅपटॉपवर आपसूक सुरू होतं. बाईंनी या खेपेला आपल्या ईमेलने साइन इन केलं, खात्यात नवी किल्ली आली का ते बघितलं आणि तिची प्रिंट काढून लॅपटॉपच्या बिलाला टाचली.