घरातून किती वाजता निघायचं?

डोंबिवलीत राहणाऱ्या आणि अंधेरीत चकाल्याला नोकरी करणाऱ्या माणसाचं उदाहरण घेऊ. आधी शेअर रिक्षा, मग घाटकोपरपर्यंत फास्ट लोकल, तिथून मेट्रो. साडेनऊला पंच करायचं आहे. निघण्याचा गजर किती वाजताचा लावायचा?

आधी कामाचे दहा दिवस मोबाइलमध्ये वेळा टिपून ठेवा: दार ओढलं ती, फलाटावर पोचलात ती आणि पंच केलं ती. सोबत पकडलेल्या गाडीची वेळ लिहा, पण वेळापत्रकातली. गाडी प्रत्यक्षात सुटली ती वेळ धरली, तर तिचा रोजचा उशीर हिशेबातून निसटतो.

प्रवासाचे दोनच तुकडे करा, घर ते फलाट आणि गाडी ते पंच. फलाटावर मिनिटभर उशिरा पोचलं की मिनिट जात नाही, अख्खी गाडी जाते, म्हणून तुकडा तिथेच पाडायचा. त्याहून बारीक तुकडे करू नका. रिक्षाची रांग, घाटकोपरच्या पुलावरची गर्दी, मेट्रोच्या तपासणीची रांग या सगळ्यांचा सर्वांत वाईट दिवस एकाच वेळी क्वचित येतो. सगळ्यांची बेरीज केली तर रोज उगाच लवकर निघावं लागेल.

आता समजा, गाडी ते पंच हे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर असे आले: ७२, ७४, ७४, ७५, ७६, ७७, ७८, ७९, ८३, ९६ मिनिटं. सरासरी साधारण ७८ येते, पण ती धरली तर या दहांपैकी तीन दिवस लेट मार्क लागला असता. शेवटून दुसरा आकडा घ्या, ८३. ९६ चा दिवस सोडून द्यायचा; मुलाखत किंवा परीक्षा असेल तेव्हा मात्र तोच धरायचा.

साडेनऊतून ८३ मिनिटं वजा केली की ८:०७ येतात. त्याआधीची शेवटची गाडी समजा ८:०४ ची आहे. डब्याच्या जागी जाऊन उभं राहायला ३ मिनिटं. घर ते फलाटमधला शेवटून दुसरा आकडा समजा १९. म्हणजे ७:४२ ला दाराबाहेर.

पण फक्त ७:४२ चा गजर लावू नका. तो वाजल्यावर डबा भरणं, मोजे शोधणं, लिफ्टची वाट पाहणं यात किती वेळ जातो, तेही दोन-तीनदा मोजा. आठ मिनिटं जात असतील तर पहिला गजर ७:३४ ला, 'आवरा' या नावाने, आणि दुसरा ७:४२ ला, 'बाहेर' या नावाने. दोन्ही सोमवार ते शुक्रवार आपोआप वाजतील असे लावा.

पावसाळ्यासाठी दहा दिवसांची वेगळी यादी करा. उन्हाळ्यातले आकडे जुलैत चालत नाहीत, कारण तेव्हा रिक्षाही मिळत नाही आणि गाड्याही रखडतात. रेल्वेचं वेळापत्रक बदललं की गाडी नव्याने निवडा. गाडी सलग दोन-तीनदा धावत पकडावी लागली तर पहिला तुकडा पुन्हा मोजा. गाडी आरामात मिळूनही पंच उशिरा होत असेल तर दुसरा.