स्मरणपत्र कसे लिहावे? : मुलाखतीचा प्रवासखर्च आणि न आलेले पैसे



मागणीपत्र आणि तक्रारपत्र हे दोन प्रकार आपण वर्गात शिकतो. या दोहोंच्या मधे एक तिसरे पत्र असते. त्याला परीक्षेत फारसे गुण नसतात, पण शाळा सुटल्यावर ते वारंवार लिहावे लागते. ते म्हणजे स्मरणपत्र. समोरच्याने एक गोष्ट कबूल केली आहे, ती झालेली नाही, आणि त्याच्याशी संबंध तर बिघडवायचे नाहीत, अशा वेळी ते लिहायचे असते. इंदूरहून पुणे, मुंबई, हैदराबाद येथे मुलाखतीला जाणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांपुढे हा प्रसंग नेहमी येतो. कंपनीने प्रवासखर्च देण्याचे कबूल केलेले असते, घरातून पैसे खर्च झालेले असतात आणि महिना उलटला तरी खात्यात काही जमा झालेले नसते. पुष्कळ मुले संकोचाने गप्प बसतात, काही रागाने पत्र लिहितात. दोन्हींपेक्षा निराळी वाट कोणती, ते एका उदाहरणाने पाहू.

उदाहरण

समजा, एका मुलीला पुण्यातील एका कंपनीने ८ जुलैला मुलाखतीसाठी बोलावले. २७ जूनच्या ई-मेलमध्ये लिहिले होते की, जवळच्या मार्गाचे थ्री टायर एसीचे जाण्यायेण्याचे रेल्वे भाडे तिकिटे सादर केल्यावर मिळेल. मुलीने जाताना आणि येताना प्रत्येकी १,३४० रुपयांचे तिकीट काढले (हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत). मुलाखतीच्या दिवशी तिने खर्चाचा अर्ज भरला, तिकिटांच्या प्रती आणि रद्द केलेला धनादेश जोडला आणि तो एच. आर. विभागात दिला. "तीस दिवसांत रक्कम खात्यात येईल," असे तिला तिथे सांगण्यात आले. ७ ऑगस्टला तीस दिवस पूर्ण झाले. पैसे आले नाहीत.

लिहिण्यापूर्वी

पहिले काम म्हणजे पासबुक भरून घेणे. मोबाइलवरील संदेशावर विसंबू नये, कारण तो कधी येतो, कधी येत नाही. शिवाय मोठ्या कंपन्यांत पैसे कधीकधी मूळ कंपनीच्या किंवा दुसऱ्याच एखाद्या संस्थेच्या नावाने येतात. म्हणून नावाऐवजी रक्कम शोधावी.

दुसरे काम म्हणजे जे कबूल केले होते तेवढेच मागणे. वरच्या ई-मेलमध्ये फक्त रेल्वे भाडे आहे. स्टेशनपासून कंपनीपर्यंतच्या रिक्षाचे ३०० रुपये त्यात नाहीत, म्हणून ते स्मरणपत्रात घालू नयेत. येताना टू टायर एसीने आली असती, तर तिने थ्री टायर एसीच्या भाड्याइतकीच रक्कम मागायची. स्लीपरने गेली असती, तर स्लीपरचे प्रत्यक्ष भाडे मागायचे. तत्काळचा जादा आकार मिळेल की नाही, हे ई-मेलमध्ये लिहिलेले नसेल तर आधीच विचारून घ्यावे. मागणीत एक रुपयाही वादाचा असला की सगळे बिल त्याच्यासाठी अडकून पडते.

तिसरे म्हणजे, पैसे का अडले असतील याचा अंदाज घ्यावा. शब्द देतो एच. आर. विभाग, पैसे पाठवतो लेखा विभाग. उमेदवार कंपनीचा कर्मचारी नसतो, त्यामुळे त्याचे नाव आणि खाते लेखा विभागाच्या यादीत नव्याने चढवावे लागते. त्यात एक कागद कमी असला तर बिल बाजूला ठेवले जाते, आणि ते कोणी उमेदवाराला कळवतेच असे नाही. म्हणजे बहुतेक वेळा कोणी पैसे बुडवत नसते. कागद कुणाच्या तरी टेबलावर पडून असतो. तो हलवणे हेच आपल्या पत्राचे काम.

पत्र

कबूल केलेल्या मुदतीनंतर तीनचार कामाचे दिवस जाऊ द्यावेत. आपल्या उदाहरणात १२ ऑगस्टला पत्र लिहिणे योग्य. नवा ई-मेल न लिहिता २७ जूनच्या ई-मेललाच उत्तर द्यावे, म्हणजे कंपनीचा शब्द पत्राखाली आपोआप दिसत राहतो. कंपनीने ज्या भाषेत लिहिले त्याच भाषेत उत्तर द्यावे. येथे नमुना मराठीत देत आहोत. इंग्रजीतही क्रम हाच ठेवावा.

> विषय : ८ जुलैच्या मुलाखतीचा प्रवासखर्च, रु. २,६८० : स्मरणपत्र
>
> महोदया,
>
> ८ जुलै रोजी आपल्या पुणे कार्यालयात माझी मुलाखत झाली. आपल्या २७ जूनच्या ई-मेलनुसार जाण्यायेण्याचे रेल्वे भाडे, रु. २,६८०, मला मिळावयाचे आहे. त्याचा अर्ज व तिकिटांच्या प्रती मी त्याच दिवशी आपल्या विभागात दिल्या होत्या.
>
> ही रक्कम ११ ऑगस्टपर्यंत माझ्या खात्यात जमा झालेली नाही. अर्जात काही अपुरे राहिले असल्यास कृपया कळवावे, मी लगेच पाठवीन. सोयीसाठी अर्ज, दोन्ही तिकिटे व रद्द केलेला धनादेश एकाच फाइलमध्ये पुन्हा जोडत आहे.
>
> रक्कम साधारण कोणत्या तारखेपर्यंत जमा होईल, हे कळवल्यास आभारी होईन.
>
> आपली विश्वासू,
> (पूर्ण नाव, मुलाखतीचे पद, मोबाइल क्रमांक)

आता हे पत्र व्याकरणाच्या दृष्टीने वाचा. "आपण अजून पैसे दिले नाहीत" या वाक्यात कर्ता 'आपण' आहे आणि दोष त्याच्यावर येतो. "रक्कम जमा झालेली नाही" या वाक्यात कर्ता 'रक्कम' आहे. हकीकत तीच, पण कोणाकडे बोट दाखवलेले नाही. एच. आर. विभागातील ज्या बाईंना हे पत्र मिळेल, त्यांनी कदाचित कागद वेळेवर पुढे पाठवलेही असतील. "काही अपुरे राहिले असल्यास" या शब्दांनी त्यांना उत्तर देण्याची सोपी वाटही मिळते.

दुसरी गोष्ट म्हणजे पत्रात क्षमा मागितलेली नाही. "आपल्याला त्रास देत आहे, माफ करा" असे लिहिण्याचे कारण नाही, कारण हे उसने मागणे नव्हे. घरची अडचणही लिहिलेली नाही. ती खरी असेल, पण त्यामुळे हक्काच्या पैशाला उपकाराचे रूप येते.

तिसरी गोष्ट शेवटच्या प्रश्नाची. "लवकरात लवकर पाठवावे" याला "हो, पाठवतो" एवढे उत्तर पुरते. "कोणत्या तारखेपर्यंत?" याला तारीख द्यावी लागते, आणि ती देण्यासाठी लेखा विभागाला विचारावे लागते. तिथूनच कागद हलतो.

निवड झाली की नाही, हा प्रश्न मात्र या पत्रात मिसळू नये. निवड न झालेल्यांना खर्च मिळणार नाही अशी अट आधी लिहिलेली नसेल, तर निकाल काहीही लागला तरी भाडे देय असते. दोन प्रश्न एका पत्रात आले की सोप्या प्रश्नाचे उत्तरही अवघड प्रश्नासाठी थांबते.

उत्तर आल्यावर

"रक्कम पाठवली आहे" असे उत्तर आले आणि खात्यात काही नसेल, तर पाठवल्याची तारीख आणि यू.टी.आर. क्रमांक मागावा. बँकेतून बँकेत जाणाऱ्या प्रत्येक रकमेला असा क्रमांक असतो आणि त्यावरून आपली बँक शोध घेऊ शकते. खाते बंद असेल किंवा क्रमांक चुकीचा असेल, तर पैसे पाठवणाऱ्याकडे परत जातात. चुकीचा क्रमांक नेमका दुसऱ्या कोणाच्या खात्याचा निघाला, तर ते तिकडेही जमा होऊ शकतात. म्हणून अर्जातील खाते क्रमांक अंक अंक मोजून तपासावा.

आय.एफ.एस. कोडही पाहावा. तो अकरा चिन्हांचा असतो : पहिली चार बँकेची अक्षरे, पाचवे शून्य आणि शेवटची सहा शाखेची. बँका विलीन झाल्या की हे कोड बदलतात. इंदूरकरांनी २०१० साली स्टेट बँक ऑफ इंदूर भारतीय स्टेट बँकेत विलीन झालेली पाहिली आहे. २०१९ मध्ये देना बँक आणि विजया बँक, बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या. घरातील जुन्या धनादेशावरचा कोड उतरवून दिला, तर कंपनीची काही चूक नसताना पैसे अडतात.

उत्तरच आले नाही, तर सातआठ कामाच्या दिवसांनी त्याच ई-मेलखाली दुसरे, आणखी लहान पत्र लिहावे : "१२ ऑगस्टच्या पत्राची आठवण करून देत आहे. हे काम लेखा विभागाकडे असल्यास तेथे कोणाशी संपर्क साधावा, हे कळवावे." त्यानंतर कार्यालयात दूरध्वनी करावा आणि बोलणे झाल्यावर "आज आपण सांगितल्याप्रमाणे अमुक तारखेपर्यंत रक्कम जमा होईल" असे दोन ओळींत लिहून पाठवावे. तोंडी शब्द असा लेखी होतो. इतके करूनही काही न झाल्यास त्यांच्या वरिष्ठांना एकदा पूर्ण हकीकत कळवावी. अडीच हजारांसाठी वकिलाची नोटीस पाठवण्यात खर्चच जास्त होईल, हेही ध्यानात असू द्यावे.

पालकांसाठी दोन शब्द

मुलाच्या वतीने आपण कंपनीला दूरध्वनी करू नये. पत्र त्याचे त्यालाच लिहू द्यावे. आपण फक्त एका गोष्टीवर लक्ष ठेवावे. खात्यात पैसे जमा करण्यासाठी नाव, खाते क्रमांक आणि आय.एफ.एस. कोड एवढे पुरते. "प्रवासखर्च परत देतो" म्हणत कोणी ओ.टी.पी. मागितला, मोबाइलवर पिन टाकायला सांगितला किंवा आधी काही रक्कम भरायला लावली, तर ती कंपनी नव्हे. पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही.

स्वाध्याय

एका उमेदवाराला हैदराबादच्या कंपनीने थ्री टायर एसीचे जाण्यायेण्याचे भाडे कबूल केले. तो जाताना स्लीपरने गेला (५२० रुपये) व येताना थ्री टायर एसीने आला (१,३८० रुपये). रिक्षाला २५० रुपये लागले. चाळीस दिवस झाले, रक्कम आली नाही. त्याने किती रुपये मागावेत? शंभर शब्दांच्या आत स्मरणपत्र लिहा. लिहून झाल्यावर पत्रातील प्रत्येक वाक्याचा कर्ता अधोरेखित करा आणि 'आपण' किती वेळा आला ते मोजा.