'वहतो' ही प्रथमा नव्हे

चि. मैत्रेयीस,


धम्मपदाच्या पहिल्या गाथेचा तू केलेला अन्वय मिळाला. शब्दांचे अर्थ बरोबर आहेत, पण 'वहतो'ला तू कर्ता केलंस आणि उपमा विस्कटली. 'देवः'चं 'देवो' होतं, तेव्हा ओकारान्त दिसलं की प्रथमा एकवचन, असा हिशेब तू केलास. संस्कृत शिकून पालीकडे आलेल्या बहुतेकांचा हाच हिशेब असतो आणि अकारान्त नामापुरता तो खराही आहे. पण पालीत विसर्गच उरलेला नाही. अकारानंतरचा कुठलाही पदान्त विसर्ग इथे ओकार होतो, मग तो प्रथमेचा असो वा षष्ठीचा. संस्कृत 'वहतः', म्हणजे वाहणाऱ्याचा, याचं 'वहतो' झालं. कर्ता म्हणायचा असता तर 'वहं' किंवा 'वहन्तो' आलं असतं. तेव्हा ओकाराच्या आधी 'न्त' आहे की नुसता 'त', हे आधी बघत जा.

वंदनेतला 'भगवतो' याच घरातला. तिथे आणखी एक गोष्ट दिसते. 'नमः'च्या योगात संस्कृतात चतुर्थी येते, 'भगवते'. पालीत 'नमो' म्हटल्यावरही 'तस्स' आणि 'भगवतो' ही षष्ठीचीच रूपं येतात, कारण पालीत चतुर्थीचं काम बहुतांशी षष्ठीने उचललं आहे. जुनी 'आय'वाली चतुर्थी राहिली ती मुख्यतः हेतू सांगायला: हिताय, सुखाय. म्हणून 'स्स' दिसला की 'चा' की 'ला' हे क्रियापदाला विचारायचं. 'देणे', 'नमणे', 'रुचणे' असेल तर 'ला'.

आता त्याच गाथेतले आकारान्त शब्द घे. 'धम्मा' हे संस्कृतातल्या 'धर्माः'चंही रूप आणि 'धर्मात्'चंही, कारण शेवटचा विसर्ग गळला तसा शेवटचा 'त्'ही गळला. प्रथमा बहुवचन आणि पंचमी एकवचन अशी एकाच साच्यात बसली. हा घोटाळा टाळायला पालीने सर्वनामाकडून, 'तस्मात्'मधून, प्रत्यय उसना घेतला: धम्मस्मा, धम्मम्हा. पण गाथेत मात्रा सांभाळायच्या असतात, तिथे जुनं आखूड रूपही चालतं, म्हणून नुसत्या रूपावर विसंबून भागत नाही. या गाथेत 'धम्मा'च्या जोडीची विशेषणंही आकारान्त आहेत, तेव्हा त्यांच्याकडूनही निकाल मिळत नाही. निकाल वाक्य देतं. ती विशेषणं कुणाचं तरी वर्णन करताहेत आणि दुसरं विशेष्य तिथे नाही. पंचमी धरली तर वाक्य कर्त्यावाचून लटकतं. म्हणून प्रथमा बहुवचन.

लगेच पुढे 'मनसा' येतो. तोही आकारान्त, पण ही तृतीया. ते कशावरून? थोड्या अंतरावर 'पदुट्ठेन' आहे, 'दूषित झालेल्या' या अर्थाचं. त्याचा 'एन' तृतीयेवाचून दुसऱ्या कशाचा असूच शकत नाही. 'मनसा' त्याचं विशेष्य, म्हणून त्याचीही तृतीया. माझा सगळा आग्रह याच एका सवयीसाठी आहे: संदिग्ध शब्दावर अडून बसू नकोस, त्याचा असंदिग्ध सोबती शोध. विशेषण, सर्वनाम, संख्या, काहीही चालेल.

एकारान्तालाही हेच लागू. 'पुरिसो गामे पस्सति' या वाक्याचे दोन अर्थ होतात, माणूस गावं बघतो किंवा गावात बघतो. 'धर्मान्'सारखं द्वितीया बहुवचन पालीत 'धम्मे' झालं आणि सप्तमी एकवचनावर जाऊन आदळलं. 'इमे गामे' म्हटलं की द्वितीया, 'इमस्मिं गामे' म्हटलं की सप्तमी. सोबती नसेल तर क्रियापद बघ. 'वसति'ला असं कर्म लागत नाही, तिथे सप्तमीच.

आता उपमा पुन्हा लाव. क्रियापद 'अन्वेति', मागोमाग जातं. त्याला कर्म हवं. 'चक्कं' आणि 'पदं' दोन्ही नपुंसकलिंगी. त्यांची प्रथमा-द्वितीया संस्कृतातही एकसारखीच, म्हणून इथे पालीला दोष देता येत नाही. चाक पावलामागून जातं, पाऊल चाकामागून नाही. म्हणून 'चक्कं' कर्ता, 'पदं' कर्म. पाऊल कुणाचं? ओढणाऱ्या बैलाचं: 'वहतो', षष्ठी. मुख्य वाक्यातही तशीच मांडणी आहे. दुःख कर्ता आणि 'नं', म्हणजे त्याला, हे कर्म.

दुसरी गाथा आता स्वतः लाव. 'मनसा' तिथेही आहे, सोबती मात्र बदलला आहे. आणि 'छाया' या आकारान्ताची विभक्ती शेजारच्या ईकारान्त विशेषणावरून ठरव. अन्वय आणि प्रत्येक शब्दामागचं कारण, दोन्ही लिहून पाठव.

तुझा,
काका